थकव्याचे शब्द : बोलण्यातले आणि अर्जातले

"दमलो बुवा!" हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. तीन जिने चढून आलेला गृहस्थ दमतो, रात्रपाळी उरकून आलेला कामगार दमतो, मुलांच्या परीक्षा आणि घरचे आजारपण यांच्यामध्ये सापडलेली आई दमते, आणि अंगात रक्त कमी असलेली तरुण मुलगीही महिनोन्‌महिने "जरा दमल्यासारखं होतं" एवढेच सांगत राहते. ऐकणारा या चौघांनाही एकच उत्तर देतो, "जरा बसा, पाणी घ्या." यांपैकी पहिल्याला ते उत्तर पुरते. दुसऱ्याला झोप हवी आहे, तिसरीला कामात कोणाचा तरी हातभार हवा आहे आणि चौथीला डॉक्टर हवा आहे. चौघांनी शब्द एकच वापरला, म्हणून ऐकणाऱ्याला उपायही एकच सुचला.

घरात अशा वेळी फारसे बिघडत नाही, कारण बोलताना शब्दाच्या मदतीला चेहरा असतो, आवाज असतो, कपाळावरचा घाम असतो. कचेरीतल्या रजेच्या अर्जात मात्र शब्द एकटा पडतो. जो अधिकारी तो अर्ज वाचतो त्याने अर्जदाराचा चेहरा कदाचित सकाळपासून पाहिलेलाही नसतो. म्हणून थकव्याचे निरनिराळे शब्द कोणते, त्यांत फरक काय, आणि त्यांतला कोणता कुठे शोभतो, हा विचार केवळ भाषेच्या हौसेचा नाही.

हे शब्द वेगळे करण्याची एक सोपी कसोटी आहे. किती थकलो, असे न विचारता, हा थकवा कशाने उतरतो, असे विचारावे. उत्तर मिळाले की शब्द बहुधा आपोआप सापडतो.

सर्वांत साधा शब्द ‘दमणे’. दम म्हणजे श्वास. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ‘दम घे’, ‘दम लागला’, ‘एका दमात’ या सगळ्या प्रयोगांत श्वासच आहे, आणि ‘दमा’ या रोगाच्या नावातही तोच आहे. तेव्हा दमणे हे मुळात धाप लागणे होय. कसोटी लावली तर हे दमणे पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसल्याने उतरते. पुढे व्यवहारात शब्दाचा अर्थ सैल झाला आणि दिवसभराच्या कामानेही आपण दमू लागलो, हे खरे. पण त्या शब्दातली थोड्या वेळाची छटा गेलेली नाही. म्हणून "मी दमलो आहे" हे ऐकून कोणी घाबरत नाही, आणि कोणी रजाही देत नाही.

दुसरा गट झोपेच्या शब्दांचा. येथे मराठी फार बारकाईने बोलते. बसल्या बसल्या मान पुढे कलते ती ‘पेंग’ किंवा ‘डुलकी’. पापण्या आपोआप मिटू लागतात ती ‘झापड’. भरपेट जेवणानंतर येते ती ‘सुस्ती’. औषधाने येते ती ‘गुंगी’. तापाने फणफणलेला रोगी हाक मारली असता ‘हं’ म्हणतो आणि पुन्हा डोळे मिटतो, ती ‘ग्लानी’. पहिल्या तिन्हींचा उतारा एकच, झोप किंवा उठून चार पावले चालणे. गुंगी औषधाचा अंमल संपेपर्यंत राहते. ग्लानी ही मात्र झोप नव्हेच. तेथे डॉक्टरला बोलवावे लागते. ‘आजोबांना सुस्ती आली आहे’ आणि ‘आजोबांना ग्लानी आली आहे’ या दोन निरोपांनी घरातली माणसे दोन वेगळ्या वेगांनी धावतील, आणि तसेच ते व्हायला हवे.

झोपेच्या शब्दांबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे शब्द रजेच्या अर्जात कधी शोभत नाहीत. ‘झोप येत असल्यामुळे रजा मिळावी’ असे लिहिणाऱ्याचे हसे होईल. पण काही कामांत हेच शब्द तोंडी, आणि तातडीने, सांगावे लागतात. बस चालवणारा, यंत्रावर उभा असणारा, उंच परातीवर चढलेला गवंडी यांनी सर्दीचे औषध घेतले असेल आणि गुंगी वाटत असेल, तर मुकादमाला "जरा दमलोय" असे सांगणे धोक्याचे आहे. त्याने "औषधाची गुंगी आहे, आज चाकावर बसत नाही" असेच सांगितले पाहिजे. सर्दीच्या जुन्या धर्तीच्या पुष्कळ औषधांनी झोप येते, आणि बाटलीवर किंवा वेष्टनावर वाहन चालवू नये अशी सूचनाही असते. येथे भिडेखातर सौम्य शब्द वापरला तर त्याचे मोल दुसऱ्यांनाही द्यावे लागते.

तिसरा गट ‘शिणणे’ आणि ‘थकणे’ यांचा. दोन्ही आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. ‘शीण’ साचतो. प्रवासाचा शीण येतो, जागरणाचा शीण येतो, बारीक अक्षर वाचून डोळे शिणतात, काळजीने जीव शिणतो. शीण ‘उतरतो’ किंवा ‘घालवावा’ लागतो. त्याला ऊन पाण्याची आंघोळ, एक पुरती रात्र आणि सकाळी घाई नसणे एवढे लागते. मंडळाचा उत्सव पार पडल्यावर कार्यकर्ते एकत्र जेवतात त्याला आपण ‘श्रमपरिहार’ असे भारदस्त नाव दिले आहे. खरे म्हणजे तो शीण घालवण्याचाच घरगुती उपाय, फक्त पंगतीने केलेला.

‘थकणे’ या शब्दात थांबण्याचा अर्थ आहे. पाय पुढे पडत नाहीत, चालणे अडते, ते थकणे. म्हणून तर आपण माणसाखेरीज पैशालाही हा शब्द लावतो. भाडे थकते, पगार थकतो, आणि सावकाराच्या वहीत ‘थकबाकी’ दिसते. तेथे कोणाला घाम आलेला नसतो. जे चालू राहायला हवे होते ते अडून राहिलेले असते. वयाने थकलेला माणूस असे आपण म्हणतो तेव्हाही हाच अर्थ असतो. एका रात्रीच्या झोपेने तो ताजातवाना होईल असे कोणी समजत नाही. तेव्हा शीण साचलेला असतो आणि थकणे अडलेले असते, असा भेद केला तर तो सर्वत्र नसला तरी बहुतेक ठिकाणी टिकतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे गळून जाणे. ‘अंगात त्राण उरले नाही’, ‘गलितगात्र झालो’, ‘हातपाय गळाले’ हे सारे त्याच पायरीवरचे. येथे शक्ती संपलेली आहे, साठा रिकामा झाला आहे, असा भाव असतो. जुलाबाने, लंघनाने किंवा उन्हातल्या लांब पायपिटीने माणूस गळून जातो. त्याला नुसती विश्रांती पुरत नाही. पाणी, मीठ, अन्न असे काही परत भरावे लागते. ‘पिट्ट्या पडला’, ‘कंबरडे मोडले’, ‘जीव मेटाकुटीला आला’ हेही त्याच शेजारचे प्रयोग, पण त्यांत तक्रारीचा आणि थोड्या अतिशयोक्तीचा रंग आहे. मित्राजवळ ते खुलतात. कागदावर ते ओरडू लागतात.

मग नुसता ‘थकवा’ हा शब्द कुठे राहिला? हे नाम अलीकडे वैद्याच्या भाषेत जाऊन बसले आहे. जो थकवा विश्रांतीने उतरत नाही, झोपून उठल्यावरही सकाळी तसाच असतो, त्याला आपण डॉक्टरसमोर ‘थकवा’ म्हणतो. प्रारंभी जिचा उल्लेख केला त्या मुलीचे उदाहरण येथे घेऊ. ती जिना चढताना दमते हे खरे, पण ती दुपारी बसूनही दमते, आणि रविवारी दहा तास झोपूनही तशीच उठते. कसोटी लावली की "दमते" हा शब्द गळून पडतो. तिने डॉक्टरला "दोन महिने थकवा आहे, झोपेने जात नाही" असे सांगितले तर तो पहिल्याच भेटीत बहुधा रक्त तपासायला सांगेल. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि आपल्याकडे तो फार आढळतो. कंठग्रंथीचा विकार आणि मधुमेह हेही याच शब्दाआड लपतात. "दमल्यासारखं होतं" असे म्हणत राहिल्याने घरची माणसे तिला आळशी ठरवतात, आणि काही दिवसांनी तिलाही ते पटू लागते. चुकीच्या शब्दाची ही किंमत आहे.

उरला मनाचा थकवा. त्याला ‘कंटाळा’, ‘वीट’, ‘उबग’ असे चढत्या भांजणीचे शब्द आहेत. कंटाळा बदलाने जातो. वीट त्या एका गोष्टीचा येतो. उबग आला की माणूस त्या कामाकडे पाठ फिरवतो. हल्ली नोकरीच्या संदर्भात ‘बर्नआउट’ हा शब्द ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली, परंतु रोग म्हणून नव्हे, तर नोकरीतून उद्भवणारी अवस्था म्हणून. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि हातून काम नीट होत नाही अशी जाणीव, ही तिची तीन लक्षणे तेथे दिली आहेत. रोग आणि अवस्था हा भेद बारीक वाटेल, पण अर्ज लिहिताना तो उपयोगी पडतो, हे पुढे दिसेल.

पुष्कळ बँकांत आणि खासगी कंपन्यांत अर्ज इंग्रजीत लिहावा लागतो, तेव्हा तिथल्या चार शब्दांकडेही पाहू. ‘ड्राउझी’ म्हणजे पेंगुळलेला. तो झोपेच्या गटातला, आणि औषधाच्या बाटलीवर भेटणारा. ‘वेअरी’ हा शीण आणि उबग यांच्या मधला शब्द. तो पुस्तकी आहे, आणि त्यात ‘आता पुरे झाले’ असा निःश्वास आहे. ‘एक्झॉस्टेड’ चे मूळ लॅटिनमध्ये पाणी उपसून काढणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणजे तो आपल्या विहिरीसारखा उपसून कोरडा झालेला माणूस, आपला गळून गेलेला. ‘फटीग्ड’ हा त्यातला शास्त्रीय शब्द. धातूलाही फटीग येतो असे अभियंते म्हणतात. एकेकटा पाहिला तर सहज पेलणारा भार हजारो वेळा पडत राहिला की पत्र्याला बारीक तडा जातो, आणि तो वाढत जातो. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन जेट विमाने आकाशातच मोडून पडली, त्याचे कारण तपासात हेच निघाले. तेव्हा फटीग म्हणजे एका दिवसाचा भार नव्हे, तर पुन्हा पुन्हा पडलेला भार. इंग्रजी अर्जात ‘एक्झॉस्टेड’ हा उद्गार वाटतो, ‘वेअरी’ ही तक्रार वाटते, ‘ड्राउझी’ चे हसू होते. ‘फटीग’ चालतो, पण तो डॉक्टरच्या दाखल्याजवळ बसलेला बरा.

आता अर्जाकडे वळू. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे प्रश्न तीनच असतात. रजा कोणत्या प्रकारची, किती दिवसांची, आणि त्या दिवसांत काम कोण पाहणार? अर्जदाराला कसे वाटते, हा प्रश्न त्याच्या मनात माणूस म्हणून येत असेल. पण शेरा मारताना त्याचा उपयोग होत नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकरांना १९८१ चे रजा नियम लागू आहेत, आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो, आणि निर्णयाला भावना नव्हे, कारण लागते.

कारणाच्या शब्दाप्रमाणे रजेचा प्रकार बदलतो. एक-दोन दिवसांच्या अडचणीसाठी नैमित्तिक रजा असते, जिला आपण किरकोळ रजा म्हणतो. ठरवून घ्यावयाच्या मोठ्या विश्रांतीसाठी अर्जित रजा. आणि आजारपणासाठी डॉक्टरच्या दाखल्यावर मिळणारी रजा. या शेवटच्या प्रकारात जी अर्धवेतनी रजा खात्यावर असते ती पूर्ण पगारी करून घेता येते, पण घेतलेल्या प्रत्येक दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. शिवाय आजारपणाच्या दाखल्यावर गेलेल्या माणसाला परत रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. ‘प्रकृती ठीक नसल्यामुळे’ हे शब्द आपण सवयीने लिहितो, पण ती आजाराची कबुली आहे, आणि दिवस वाढले की तिच्या मागोमाग दाखला येतो, हे लिहिताना लक्षात नसते.

एक उदाहरण तपशीलाने पाहू. तालुक्याच्या गावच्या एका सरकारी कचेरीतला लेखनिक कल्पनेत घ्या. मार्चअखेरच्या हिशेबासाठी १६ मार्चपासून ३१ मार्चपर्यंत तो रोज रात्री नऊपर्यंत बसला आहे. हिशेब पुरे झाले आहेत, आणि त्याला दोन दिवस घरी पडून राहायचे आहे. त्याने पहिला मसुदा असा केला : ‘मार्चच्या कामाने माझा जीव मेटाकुटीला आला असून मी फार थकलो आहे, तरी दोन दिवसांची रजा मिळावी.’ यात खोटे एक अक्षर नाही. पण वाचणाऱ्याला ही कामाविरुद्धची तक्रार वाटते. मार्चचे काम अधिकाऱ्यानेच दिलेले असते, आणि तोही त्याच दिवसांत नऊपर्यंत बसलेला असतो. त्याच्या मनात पहिला विचार येतो, "मग मी काय करावं?"

दुसरा मसुदा त्याने सावधपणे केला : ‘अशक्तपणामुळे प्रकृती ठीक नसल्याने रजा मिळावी.’ हा शब्द त्याला भारदस्त वाटला. पण अशक्तपणा हा आजाराच्या मागोमाग येणारा शब्द आहे. ताप येऊन गेला, काविळीतून उठला, त्याला अशक्तपणा येतो. या गृहस्थाला तसे काही झालेले नाही. उद्या कोणी बाजारात त्याला भाजी घेताना पाहिले तर त्याचे पुढचे खरे आजारपणही संशयास्पद ठरेल.

तिसरा मसुदा असा : ‘वार्षिक हिशेबाच्या कामासाठी १६ ते ३१ मार्च या काळात मला रोज रात्री नऊपर्यंत कार्यालयात थांबावे लागले. ते काम पूर्ण झाले आहे. विश्रांतीची आवश्यकता असल्यामुळे ६ व ७ एप्रिल अशी दोन दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर व्हावी, ही विनंती. या दोन दिवसांत माझ्याकडील आवक-जावक नोंदींचे काम शेजारचे सहकारी पाहतील. त्यांची संमती घेतली आहे.’

या मसुद्यात थकव्याचा एकही शब्द नाही. तारखा आणि रात्रीचे नऊ यांनीच तो सांगितला आहे. ‘थकलो’ या शब्दावर वाद घालता येतो. हजेरीपत्रकातल्या नोंदीवर घालता येत नाही. ‘विश्रांतीची आवश्यकता’ हा प्रयोग आजार सांगत नाही आणि गाऱ्हाणेही करीत नाही. काम कोण पाहणार या प्रश्नाचे उत्तर विचारण्यापूर्वीच मिळाले आहे. त्यावर अधिकारी नाही म्हणू शकतो, पण त्याला नाही म्हणण्याचे कारण शोधावे लागेल. आता पुष्कळ ठिकाणी हा अर्ज संगणकावर भरतात, आणि कारणासाठी एवढीशी चौकट असते. तिथेही ‘थकवा’ या एका शब्दापेक्षा ‘मार्चअखेरच्या कामानंतर विश्रांती’ हे तीन शब्द अधिक काम करतात.

खरोखर आजार असेल तर मात्र आडवळण नको. ‘ताप उतरला आहे, परंतु अशक्तपणा असल्याने डॉक्टरांनी पाच दिवस विश्रांती सांगितली आहे, दाखला सोबत जोडला आहे’ एवढे पुरे. आणि मनाचा उबग असेल तर तो रजेच्या कारणात कोंबू नये. दोन दिवसांच्या किरकोळ रजेने तो जात नाही. तिसऱ्या दिवशी तेच टेबल समोर असते. त्यासाठी अधिकाऱ्याशी समक्ष बोलणे, कामाची वाटणी बदलून मागणे, किंवा अर्जित रजा आधी ठरवून घेणे हे मार्ग आहेत. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच मन लागत नाही, असे आठवड्यांमागून आठवडे चालले असेल तर ती अवस्था डॉक्टरला सांगायची, आणि मग तिला आजाराचे नाव द्यायचे की नाही ते तो ठरवील.

तोच लेखनिक संध्याकाळी घरी येऊन पत्नीला म्हणेल, "अगं, अगदी पिट्ट्या पडला बघ." कट्ट्यावर मित्राला म्हणेल, "मार्चनं कंबरडं मोडलं रे." दोन रात्री पुरती झोप होऊनही अंग उठले नाही, तर डॉक्टरला म्हणेल, "थकवा आहे, आणि तो झोपेनं जात नाही." आणि साहेबांना लिहील, ‘विश्रांतीची आवश्यकता असल्यामुळे.’ माणूस तोच आणि पंधरा दिवसांचे श्रमही तेच. पण पत्नीला माया हवी असते, मित्राला गंमत, डॉक्टरला लक्षण आणि साहेबाला कारण. प्रत्येकाला त्याच्या उपयोगाचा शब्द दिला की पाण्याच्या पेल्यावर भागेल तिथे पाणी मिळते, आणि नाही भागत तिथे आणखी काही मागता येते.